एका खाड्याची किंमत

जुलै संपत आला की आमच्या शाळेत घटक चाचणीचे पेपर तपासून पालकांना बोलावण्याची वेळ येते. एरवी आया येतात. या वेळी आठवीतल्या एका मुलीचे अब्बा आले, तेही भर दुपारी. मुलीच्या मार्कांची चौकशी दोन मिनिटांत संपली. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि जरा संकोचून म्हणाले, "टीचर, तुम्हांला हिशोब चांगला समजतो. जरा ही पगाराची स्लिप बघाल का? मी एकच दिवस गेलो नाही, आणि अडीच हजार कमी आलेत. काहीतरी चूक झाली असणार."

मी भाषा शिकवते, गणित नव्हे. पण आमच्या भागात मास्तरीण म्हणजे अर्ज लिहिणारी, फॉर्म भरणारी आणि बँकेचा मेसेज वाचून दाखवणारी असते, त्यामुळे नाही म्हणता आले नाही.

हे भाई पूर्वी पावरलूमवर होते. तिथे जेवढे कापड, तेवढा पैसा. लूम बंद पडत गेले तसे त्यांनी भिवंडीच्या गोडाऊनचा रस्ता धरला. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूला गोडाऊनची जी रांगच्या रांग उभी आहे, त्यातल्या एकात ते ठेकेदारामार्फत कामाला आहेत. काम माल उतरवणे, बारकोड मारणे आणि रॅकवर लावणे. सकाळी गेटवर बोट लावून हजेरी, संध्याकाळी पुन्हा बोट.

स्लिपमध्ये चूक नव्हती. बेरीज-वजाबाकी पै न् पै बरोबर होती, आणि हेच त्यांना सांगणे कठीण गेले.

त्यांचा पगार दोन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा रोज ५५० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे १४,३०० रुपये. दुसरा तुकडा २,००० रुपयांचा हजेरी बोनस, जो महिनाभर एकही खाडा न करणाऱ्यालाच मिळतो. दोन्ही मिळून १६,३०० होतात. त्यातून १४,३०० वर बारा टक्क्यांप्रमाणे १,७१६ रुपये पी.एफ. जातो, पूर्ण १६,३०० वर पाऊण टक्क्याने १२३ रुपये ई.एस.आय. जातो आणि २०० रुपये व्यवसाय कर जातो. हातात येतात १४,२६१ रुपये. गेले आठ महिने हाच आकडा त्यांच्या खात्यात येत होता, आणि त्यामुळे घरात सगळ्यांना हाच 'पगार' वाटत होता. त्यात बोनसचा भाग किती, हे कधी कोणी पाहिलेच नव्हते.

आता खाडा पडलेला महिना घेऊ. २५ दिवसांचे १३,७५० रुपये. बोनस शून्य. पी.एफ. १,६५०, ई.एस.आय. १०४, व्यवसाय कर तेवढाच २००. हातात ११,७९६ रुपये. म्हणजे २,४६५ रुपयांचा फरक. ज्या दिवसाचा रोज ५५० रुपये आहे, तो दिवस गैरहजर राहिल्यावर जवळजवळ साडेचार दिवसांची मजुरी गेली.

"पण टीचर, त्या दिवसाचे ५५० गेले हे मला कबूल आहे," ते म्हणाले. "मी काम केलं नाही, मला पैसे नकोत. बाकीचे पंचवीस दिवस तर मी गेलो होतो ना? त्या पंचवीस दिवसांचा बोनस कुठे गेला?"

हा प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर वाकडे आहे. बोनस जर दिवसाच्या हिशोबाने वाटला असता, तर २,००० भागिले २६ म्हणजे एका दिवसाचे ७७ रुपये गेले असते. पण तो दिवसावर वाटलेलाच नाही. तो काचेच्या भांड्यासारखा आहे. एक तडा गेला की पूर्ण गेला. पहिल्या तारखेला खाडा पडो की शेवटच्या, नुकसान तेवढेच.

आणि त्यांचा खाडा नेमका शेवटच्या दिवशी पडला होता. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बऱ्याच घरांत माहीत नसते. कॅलेंडरचा महिना आणि मस्टरचा महिना एकच असेल असे नाही. पगार वेळेवर काढता यावा म्हणून पुष्कळ ठेकेदार २६ तारखेपासून पुढच्या २५ तारखेपर्यंतची हजेरी धरतात. भाईंच्या स्लिपवरही तसेच लिहिले होते, फक्त बारीक अक्षरांत. २४ जुलैच्या रात्री त्यांच्या धाकट्या मुलाला फणफणून ताप आला. पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यूची भीती घरोघरी असते. पहाटेपर्यंत ताप उतरला नाही, तेव्हा ते त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपर, रक्ततपासणी, रांग, यात दुपारचे दोन वाजले. तो दिवस २५ तारखेचा. चोवीस तारखेपर्यंत एकही चुकवला नव्हता.

रिपोर्ट २७ ला मिळणार होता. त्या दिवशी ते गेले नाहीत. बायकोला एकटीला पाठवले. कारण २६ पासून नवे मस्टर सुरू झाले होते, आणि २७ ला खाडा केला असता तर पुढच्या महिन्याचेही दोन हजार गेले असते. एका आजारपणात दोन महिन्यांचा बोनस. आलमच्या अम्मीला — मुलाचे खरे नाव मी लिहीत नाही — मराठी वाचता येत नाही, रिपोर्ट घेऊन ती कोणत्या खिडकीवर जायचे ते विचारत फिरत राहिली. अल्लाहच्या कृपेने डेंग्यू नव्हता.

हे सांगताना भाईंचा आवाज बदलला नाही. पण पुढचे सांगताना बदलला. घरातली भिशी दरमहा २,००० रुपयांची आहे. गल्लीतल्या बारा घरांची. त्यांनी तिची रक्कम मनातल्या मनात बोनसशी जोडून ठेवली होती, पगारातून घर आणि बोनसातून भिशी. या महिन्यात भिशी भरायची तर खोलीचे भाडे राहते, आणि भाडे द्यायचे तर अकरा घरांसमोर मान खाली. भिशीत खाडा चालत नाही, तिथे तर मस्टरपेक्षा कडक कारभार असतो!

मालकांची बाजू मी अगदीच समजून घेत नाही असे नाही. गोडाऊनमध्ये ट्रक दाराशी लागला की चौघांची टोळी माल उतरवते. एक आला नाही तर उरलेले तिघे तेच काम ओढत करतात आणि मागे दुसरा ट्रक उभा राहतो. दिवाळीच्या सेलच्या आधी तर एकेका माणसाची किंमत असते. ठेकेदाराला गोडाऊनच्या कंपनीकडून माणसांच्या मोजणीवर पैसे मिळत असतील आणि माणसे कमी भरली तर त्याचेही कापले जात असतील, तर तो हजेरीच्या मागे लागणारच. हजेरीला बक्षीस असण्यात गैर नाही. माझी तक्रार बक्षिसाच्या आकाराबद्दल आहे.

ती समजायला दुसऱ्या खाड्याचा हिशोब करून पाहा. समजा भाई ऑगस्टच्या मस्टरमध्ये दोन दिवस गेले नाहीत. पहिल्या दिवसाने २,४६५ गेले. दुसऱ्या दिवसाने? मजुरी १३,२००, त्यातून पी.एफ. १,५८४, ई.एस.आय. ९९, व्यवसाय कर २००, हातात ११,३१७. म्हणजे दुसरा खाडा फक्त ४७९ रुपयांचा. तिसराही जवळपास तेवढ्याचाच. पहिल्या दिवसाला पाचपट दंड, आणि त्यानंतर जणू मोकळीक. ज्याचा बोनस पाच तारखेलाच गेला, त्याला उरलेला महिना रोज येण्याचे खास कारण उरत नाही. मी भाईंना हे दाखवले तेव्हा ते हसले. "हे आम्हांला माहीत आहे टीचर. एक खाडा पडला की पोरं म्हणतात, आता गावाला जाऊन ये, आता काय राहिलंय." गावाची, लग्नाची, दाखल्यांची कामे मग त्याच महिन्यात आटोपली जातात. ज्या नियमाने हजेरी वाढायला हवी, त्याच नियमाने काही महिन्यांत खाड्यांचे गठ्ठे पडतात.

दुसरी बाजू याहून वाईट आहे. ज्याचा बोनस अजून शाबूत आहे, तो आजारी असतानाही जातो. हे मी शाळेत स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पूर्ण हजेरीचे बक्षीस ठेवले होते. कंपासपेटीसारखी साधी वस्तू. एक मुलगा डोळे आलेले असताना तीन दिवस वर्गात बसला आणि आठवड्याभरात निम्मा वर्ग डोळे चोळत होता. बक्षीस मीच ठेवले होते, त्यामुळे कोणाला बोलणार? भाईंनीही कबूल केले की मे महिन्यात कंबर धरलेली असताना ते पट्टा बांधून गेले होते, आणि सुपरवायझरला सांगितले नव्हते.

आता कायद्याचे पाहू. भाईंचा पहिला प्रश्न हाच होता की एका दिवसाच्या बदल्यात साडेचार दिवसांचे पैसे कापता येतात का. वेतन प्रदान कायदा १९३६ चा होता आणि त्यात गैरहजेरीच्या कपातीची मर्यादा घातलेली होती. जेवढा काळ माणूस गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात मजुरी कापता येते, जास्त नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. यावरून वाटेल की झाले, भाईंचा दावा पक्का. पण ठेकेदाराचे उत्तर तयार असते. आम्ही कापलेच नाही, अट पूर्ण झाली नाही म्हणून बोनस देय झालाच नाही. स्लिपवरही तो 'कपात' या रकान्यात नसतो, मिळकतीच्या रकान्यात शून्य लिहिलेला असतो. अट आधीपासून लेखी असेल आणि सगळ्यांना सारखी लावली जात असेल, तर निव्वळ या मुद्द्यावर भांडून हाती काही लागणे अवघड आहे. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नव्हता.

मात्र एक गोष्ट पक्की आहे आणि ती प्रत्येक घराने स्लिप हातात घेऊन तपासावी. मँगनीज ओअर (इंडिया) या कंपनीच्या खाणकामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हजेरी बोनस हा नियमित येण्यासाठी दिलेला जादा मोबदला आहे, तो किमान वेतनाच्या रकमेत धरता येणार नाही. याचा घरगुती अर्थ असा. सरकारने तुमच्या कामाच्या वर्गाला आणि तुमच्या भागाला ठरवलेले किमान वेतन बोनस न धरता पूर्ण मिळायला हवे. महाराष्ट्रात या दराचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता, आणि विशेष भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून गेल्या वर्षीचा कागद बघून चालत नाही. चालू सहामाहीचा दर कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा ठाण्याच्या कार्यालयात मिळतो.

भाईंसोबत त्यांचा एक साथी आला होता, दुसऱ्या ठेकेदाराकडचा. त्याची स्लिप बघितली आणि मी थांबले. त्याचा एकूण आकडा जवळपास तेवढाच, पण मजुरी ११,००० आणि हजेरी बोनस ५,०००. बाहेरून दोघांचा पगार सारखा दिसतो. पण याचा एक खाडा पाच हजारांहून जास्तीचा, शिवाय पी.एफ. फक्त ११,००० वर जातो. म्हणजे पूर्ण हजेरीच्या महिन्यातही त्याची म्हातारपणाची शिल्लक कमी पडते आहे. जिथे बोनस मजुरीच्या मानाने असा फुगलेला दिसेल, तिथे समजावे की किमान वेतनाचा एक तुकडा काढून त्याला बोनसचे नाव दिलेले असण्याचा संभव आहे. तो तरुण म्हणाला, "मला तर सांगितलं होतं की आमच्याकडे बोनस जास्त आहे." जास्त होताच. त्याला मी ठाण्याच्या कार्यालयात दर विचारून यायला सांगितले, आणि मागच्या सगळ्या स्लिपा जपून ठेवायला.

भाईंसाठी दुसरा रस्ता निघाला, अर्धाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे, प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते, आणि ती तिमाहीच्या हिशोबाने खात्यात जमा होते. गोडाऊनलाही हा कायदा लागू होतो. भाईंनी वर्षभरात एकही किरकोळ रजा घेतली नव्हती. ती असते हेच त्यांना माहीत नव्हते. स्लिपवर २५ जुलै हा दिवस बिनपगारी धरला होता. आम्ही एक साधा अर्ज लिहिला, मराठीत, सहा ओळींचा. मुलाच्या आजारपणामुळे गैरहजर राहिलो, दवाखान्याचा केसपेपर जोडला आहे, हा दिवस किरकोळ रजेत धरावा, आणि किरकोळ रजा हजेरी बोनससाठी हजेरी मानली जाते का ते लेखी कळवावे. शेवटचे वाक्य मुद्दाम घातले. पुष्कळ ठिकाणी हा नियम कोणी कागदावर लिहिलेलाच नसतो, सुपरवायझरच्या तोंडी असतो, आणि दर माणसाला वेगळा असतो.

दहा दिवसांनी उत्तर आले. रजा मंजूर, बोनस नाही. कंपनीच्या नियमात 'प्रत्यक्ष हजर' असे शब्द आहेत म्हणे. रजेचे ५५० मिळाले, त्यावरचा पी.एफ. वगैरे जाऊन हातात पडले ४८०. म्हणजे २,४६५ चे नुकसान १,९८५ वर आले. कायद्याने दिलेली रजा घेतल्याबद्दल दोन हजार जाणार असतील, तर ती रजा पगारी कशी म्हणायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. ई.एस.आय. चा उपयोग होईल का, हेही त्यांनी विचारले. तिथे आजारपणाचा भत्ता विमा उतरवलेल्या कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी असतो, मुलाच्या नव्हे. आणि स्वतः आजारी पडले तरी सहसा पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही. एक-दोन दिवसांच्या तापाला तो कामाचा नाही.

सणाचाही विषय निघाला. त्याच कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि बाकी चार स्थानिक सणांप्रमाणे मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी सहमतीने ठरवायच्या. दोन्ही ईदी या चारांत बसवून घेणे म्हणूनच डिसेंबरात बोलण्याचे काम आहे, चांद दिसल्यावर नव्हे. यादीत तारीख लिहिताना 'किंवा चांद दिसेल त्याप्रमाणे' एवढे चार शब्द जोडून घ्यावेत. भाईंच्या एका साथीदाराने ईदची रजा आधीच्या दिवसाची टाकली होती, चांद तीसचा झाला, रोजा ठेवून तो घरी बसला आणि ईदला पुन्हा गैरहजर. एका ईदचे दोन खाडे.

उशिराच्या नोंदींकडेही लक्ष ठेवा. भाईंच्या गोडाऊनमध्ये तीन वेळा उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर धरतात, आणि अर्ध्या दिवसानेही बोनस जातो. कामवारी नदीला पाणी आले की आमचे सखल भाग तुंबतात, गाड्या तासभर जागेवर उभ्या राहतात. दहा-दहा मिनिटांचे तीन उशीर, आणि २,००० गेले. माणूस शपथेवर सांगतो की मी एकही दिवस चुकवला नाही, आणि मस्टर सांगते की चुकवला. म्हणून भाईंनी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज आत जाण्याची वेळ लिहायला सुरुवात केली आहे. मुलगी लिहिते, ते सांगतात.

सध्या त्यांची टोळी ठेकेदाराकडे एकच मागणी घेऊन गेली आहे. बोनस काढू नका, वाढवूही नका, फक्त त्याला पायऱ्या करा. एकही खाडा नाही तर २,०००, एक खाडा तर १,२००, दोन तर ६००, तीन झाले तर काही नाही. मी आकडे मांडून दिले. असे झाले तर पहिला खाडा २,४६५ ऐवजी १,२७४ रुपयांचा होतो, आणि खाडा पडल्यावरही उरलेले दिवस येण्यात फायदा राहतो. मालकाचेही काम यात जास्त सुरळीत चालेल असे मला वाटते. ठेकेदार म्हणाला, वर विचारून सांगतो. दिवाळीचा माल यायला लागण्यापूर्वी उत्तर द्या, असे टोळीतल्या म्हाताऱ्याने त्याला सांगितले आहे, कारण त्यानंतर कोणाला बोलायला वेळ नसतो.

भिशीचे मात्र गल्लीतल्या बायकांनी परस्पर मिटवले. आलमच्या अम्मीचा हप्ता या महिन्यात शेजारणीने भरला, पुढच्या महिन्यात ही तिचा भरणार. भाईंना हे नंतर कळले. दोघींनी ठरवले आहे की यापुढे भिशीचे पैसे बोनसातून धरायचे नाहीत. घराचा हिशोब १२,२७६ वर करायचा, म्हणजे एक दिवस रजेचा पडला तरी हातात येईल त्या आकड्यावर. वर जे येईल ते पत्र्याच्या डब्यात.